ताबापत्र आणि बाकी पैसे

12 ऑक्टोबर 2025

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगताना आकड्यांचा घोळ झाला, म्हणून लिहून पाठवतेय. नितीनदादा मोठ्या अक्षरात प्रिंट काढून देईल. चष्मा लावून वाचा, आईलाही वाचून दाखवा.

बिल्डरचं पत्र 3 तारखेचं आहे, सहा पानांचं. त्यात कामाचं एवढंच, की महापालिकेकडून 26 सप्टेंबरला ओसी, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचं भोगवटा प्रमाणपत्र, मिळाली, 904 नंबरचा फ्लॅट तयार आहे, 18 ऑक्टोबरपर्यंत 6,32,981 रुपये भरा आणि ताबा घ्या. पण ओसीची प्रत जोडलेली नाही, नुसता नंबर आहे. पैसे द्यायच्या आधी ती प्रत मागून घ्या आणि बी विंगचा नववा मजला तिच्यात आहे ना, ते बघा. कधीकधी ओसी अर्ध्याच इमारतीची असते.

आता पैसे. करारात किंमत 68 लाख. ताब्याच्या वेळचे शेवटचे 5 टक्के म्हणजे 3,40,000, त्यावर 5 टक्के जीएसटी 17,000. हे द्यायचेच आहेत. फक्त 1 टक्का टीडीएस, म्हणजे 3,400, नेहमीसारखा आपण कापायचा आणि सरकारकडे भरायचा. म्हणजे बिल्डरच्या हातात 3,53,600. टीडीएस मी इथून भरते, तुम्ही फक्त ओटीपी सांगा.

दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ मागितलाय : 650 फुटांना चार रुपयांनी महिना 2,600, चोवीस महिन्यांचे 62,400, वर 18 टक्के जीएसटी, एकूण 73,632. करारात दर हाच आहे, मी ताडून पाहिला. सोसायटी नोंदणी आणि शेअरचे 11,600 सुद्धा करारात आहेत. हे तिन्ही मिळून 4,38,832 रुपये. तेवढाच चेक द्या.

उरलेल्या दोन रकमा मात्र देऊ नका.

एक, 'क्लब हाऊस विकास शुल्क' 1,50,000 आणि जीएसटी, मिळून 1,77,000. करारनामा मी दोनदा वाचला, हा शब्दच त्यात नाही. जाहिरातीत तर क्लब हाऊस फुकट होतं!

दुसरी, उशिराचं व्याज 13,749. मागच्या वर्षीच्या 6,80,000 च्या हप्त्यावर 41 दिवसांचं, 18 टक्क्यांनी. ते 2 फेब्रुवारीपासून मोजतात. डिमांड लेटर आपल्याला 4 मार्चला मिळालं आणि 14 मार्चला पैसे गेले. करारात पत्र मिळाल्यापासून 15 दिवस आहेत. लिफाफा तुम्ही जपून ठेवलाय (तुमच्या त्या सवयीला मी किती हसायचे), तोच पुरावा. शिवाय रेरा कायद्यात बिल्डरला आणि आपल्याला व्याजाचा दर एकच असतो : स्टेट बँकेचा सर्वांत जास्त एमसीएलआर, म्हणजे कर्जाचा आधारभूत दर, अधिक 2 टक्के. 18 कुठून आले?

आणि उशिराचाच हिशोब करायचा, तर त्यांचा बघू. करारात ताबा 31 डिसेंबर 2024 ला होता. नऊ महिने उलटून गेले. तेवढ्या काळाचं, आपण भरलेल्या पैशांवरचं व्याज आपण मागू शकतो. म्हणूनच पाचव्या पानावरच्या स्वीकृतीपत्राला मी सर्वांत जास्त घाबरते. त्याच्या सहाव्या कलमात लिहिलंय की उशीर, क्षेत्रफळ, दर्जा यांबद्दल खरेदीदाराची काहीही तक्रार नाही आणि पुढेही राहणार नाही. त्यावर सही करू नका. चावी देणारा मुलगा गोड बोलेल, 'काका, फॉर्मॅलिटी आहे' म्हणेल. तुम्ही फक्त म्हणा, "मुलीला विचारून करतो." भित्रा म्हटलं तरी चालेल.

धनत्रयोदशी नेमकी 18 ला आहे, त्या दिवशी चावी घ्यायचं तुमच्या मनात आहे, कळतंय मला. पण कायद्याने ओसीपासून दोन महिने आहेत, म्हणजे 26 नोव्हेंबरपर्यंत. चेक मात्र 18 च्या आत द्या, पोच घ्या. सोबत माझं पत्र द्या. त्या दोन रकमा का देत नाही ते त्यात लिहिलंय. दोन प्रती काढा, एकीवर त्यांचा शिक्का घ्या.

फ्लॅट बघायला दादाला सोबत न्या. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतून उतार कुठे जातो ते बघा, खिडक्या उघडून-मिटून बघा, जे खटकेल त्याचा फोटो काढा. पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला, तर तो फुकट दुरुस्त करून देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, पण सुरुवातीला लेखी नोंद असलेली बरी. आईला नऊ मजले चढायला लावू नका, लिफ्ट चालू आहे ना ते आधी फोन करून विचारा.

मी बुधवारी तुमच्या सकाळी आठला फोन करते. तोपर्यंत चेक लिहून ठेवा, पण सही माझ्याशी बोलल्यावर.

तुमची,
मीनू

ता. क. : दिवाळी यंदा जुन्याच घरी करा. आकाशकंदील माळ्यावर उजव्या कोपऱ्यात आहे.