३१ मार्चपासून मी मोकळा आहे, आणि माझ्यासोबत चांगली माणसं मोकळी आहेत

नमस्कार मंडळी,

थेट सांगतो. जळगाव एमआयडीसीतल्या ज्या चटई कारखान्यात मी १७ वर्षं होतो, तिथली दुसरी शेड ३१ मार्चला बंद झाली. त्या शेडचा प्रॉडक्शन सुपरवायझर म्हणून माझं कामही त्याच दिवशी थांबलं. आम्ही चाळीसेक जण कमी झालो. काहींनी फोन करून विचारलं, काहींना विचारायला अवघड वाटलं असेल, म्हणून सगळ्यांना एकदाच कळवतोय.

कारण लपवण्यासारखं नाही. बाहेर देशी जाणाऱ्या चटईच्या ऑर्डरी वर्षभर कमी होत गेल्या आणि दोन शेडचा खर्च एका शेडच्या धंद्यातून निघेना. शेठनी आम्हाला केबिनमध्ये बोलावून स्वतः सांगितलं, गेटवर कागद चिकटवला नाही. नोटिशीचा महिना पूर्ण भरू दिला, मार्चचा पगार वेळेवर झाला. माझ्या बाजूने बोलायचं म्हणून कोणी कारखान्याला नावं ठेवू नयेत, ही विनंती. पहिली शेड चालू आहे. तिथे मी शिकवलेली पोरं काम करतात आणि ती शेड चालायलाच हवी.

हा मजकूर आधी याच्या दुप्पट होता. घरात वाचून दाखवला तेव्हा सौ. म्हणाली, "यातलं अर्धं तुम्ही शेठला लिहिलंय आणि अर्धं लोकांना. लोकांना लिहिलेलं ठेवा." तेवढंच ठेवलं आहे.

माझ्या कामाबद्दल थोडं सांगतो, कारण ज्यांना माणूस हवा आहे त्यांना ते उपयोगी पडेल. शासकीय तंत्रनिकेतनातून मेकॅनिकलचा डिप्लोमा करून मी ट्रेनी म्हणून लागलो. पहिली दोन वर्षं एक्स्ट्रूडरवर, मग लूमवर, मग शिफ्ट इनचार्ज आणि शेवटी पूर्ण शेड. चटई बाहेरून साधी दिसते. आत पॉलिप्रॉपिलिनचा दाणा दोनशे अंशांच्या वर तापवून वितळवला जातो, त्याची पोकळ नळी ओढली जाते, पाण्याच्या टाकीतून थंड होऊन बॉबिनवर गुंडाळली जाते, लूमवर विणली जाते आणि मग कडेला पट्टी शिवली जाते. यातली कुठलीही पायरी बिघडली तर ते बहुतेक वेळा शेवटच्या टेबलावरच कळतं, तोवर माल वाया गेलेला असतो.

आपल्याकडच्या मे महिन्यात हे काम काय असतं ते जळगावकरांना वेगळं सांगायला नको. बाहेर पारा ४५ च्या आसपास, शेडच्या पत्र्याखाली त्याहून जास्त. टाकीचं पाणी तापलं की नळी नीट धरत नाही, चपटी होते, आणि लूमवर गेल्यावर तुटते. आम्ही पाण्याचं तापमान दर तासाला वहीत लिहायची सवय लावली, दुपारी लाईनचा वेग उतरवायचा आणि रात्रपाळीत भरून काढायचा. वरून हे अगदी साधं वाटतं, पण रात्रपाळीतल्या माणसांना ते पटवायला एक अख्खा उन्हाळा गेला. दुसरा शत्रू लाईट. अचानक गेली की बॅरलमधला माल आतच जळतो आणि लाईट आल्यावर नळीत काळे ठिपके येतात. पुन्हा सुरू करताना किती साधा दाणा सोडून मशीन धुवायचं, कुठल्या झोनचं तापमान आधी चढवायचं, याची क्रमवार पाटी मी मराठीत लिहून प्रत्येक मशीनवर लावली होती. ती पाटी पहिल्या शेडमध्ये अजून आहे. कोणाला हवी असेल तर फोटो पाठवतो, त्यात गुपित काही नाही.

रंगाचं काम मला सगळ्यात आवडलं. एकाच ऑर्डरमध्ये मास्टरबॅचचा डबा बदलला की लाल रंगात फरक पडतो, आणि गिऱ्हाईक दोन चटया शेजारी अंथरतो तेव्हाच तो फरक दिसतो. तुकड्यांचा पुन्हा दळलेला माल किती टक्के घ्यायचा हाही त्याच हिशेबातला भाग. जास्त घेतला तर पैसे वाचतात, पण चटई उन्हात लवकर कडक होऊन तडकते. यावर ऑफिस आणि शेड यांच्यात नेहमी ओढाताण असायची. मी शेडच्या बाजूने बोलायचो, कधी ऐकलं जायचं, कधी नाही. तेवढं प्रत्येक कारखान्यात चालतं.

आता पुढचं.

मला प्रॉडक्शन किंवा मेंटेनन्सचं काम हवं आहे: प्लॅस्टिक एक्स्ट्रूजन, पाइप, विणकाम, पॅकिंग फिल्म, यापैकी काहीही. जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, धुळे या पट्ट्यात असेल तर उत्तम, कारण आई-वडील नशिराबादला आहेत आणि मुलगी यंदा दहावीला जाणार आहे. नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगरकडचं काम चांगलं असेल तर आठवड्याला येऊन-जाऊन करायची तयारी आहे. पद सुपरवायझरचंच पाहिजे असा हट्ट नाही. मशीनजवळ उभं राहायला मिळालं तर मी जास्त कामाचा आहे, असं मला स्वतःला वाटतं.

सोबत आणखी एक गोष्ट सुरू करतोय. आपल्या एमआयडीसीत दोन-चार लूम, एखादा एक्स्ट्रूडर असलेली लहान युनिटं बरीच आहेत. त्यांना कायमचा इंजिनिअर परवडत नाही आणि मशीन बिघडलं की बाहेरगावचा मेकॅनिक येईपर्यंत काम थांबतं. अशांसाठी महिन्यातून ठरलेल्या दिवशी येऊन मशीनची तपासणी, स्क्रू-बॅरलची झीज मोजणं, ऑपरेटरला शिकवणं, एवढं मी करू शकतो. पहिली भेट बिनपैशाची. मशीन बघून काय करावं लागेल ते लिहून देईन, पुढचं तुम्ही ठरवा.

आता ज्यासाठी हे मुख्यतः लिहितोय ते. माझ्या आधी या माणसांना काम मिळालं तर मला जास्त आनंद होईल.

दोन एक्स्ट्रूडर ऑपरेटर आहेत. एक कुसुंब्याचा, मशीनच्या आवाजावरून लोड वाढल्याचं सांगतो. त्याला लिहायला फारसं येत नाही म्हणून इंटरव्ह्यूत तो मागे पडेल. कृपया त्याला मशीनवर उभं करून बघा. दुसरा तरुण आहे, आयटीआय झालेला, पॅनेल वायरिंगही जाणतो. लूमचे तीन फिटर आहेत, त्यातले आबा साठीच्या जवळ आले आहेत. त्यांना पूर्ण पाळी नको, पण नव्या मुलांना शिकवायला त्यांच्याइतका शांत माणूस मी पाहिला नाही. कडेची पट्टी शिवणाऱ्या अकरा ताई आहेत. मेहरूण आणि आसपासच्या, बऱ्याच जणींच्या घरचा पगार त्यांचाच. त्यांचा हात शिवणकामात बसलेला आहे. पिशव्या, ताडपत्री, गोणपाट, शाळेचे गणवेश, यातलं काम कोणाकडे असेल तर एकत्र घ्या, त्या एकमेकींना सांभाळून काम करतात. क्वालिटीला बसणारी एक मुलगी आहे, बीएस्सी झालेली. तिने नाकारलेला माल मी कधी पास केला नाही, आणि तिने ते दोनदा तपासलंही. प्रत्येकाला विचारून हे लिहिलं आहे. नावं आणि नंबर मला मागा, त्यांच्या परवानगीने देईन.

आणि माझ्या शेडमधल्या सोबत्यांनो, हे तुमच्यासाठी. कागद सांभाळा. पाच वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाची ग्रॅच्युइटी निघते: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. मूळ पगार आणि भत्ता मिळून १५ हजार आणि नोकरी दहा वर्षं असेल तर ८६ हजार ५३८ रुपये होतात. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांपेक्षा जास्त झाले असतील तर ते पूर्ण वर्ष धरतात. काम सुटल्यापासून ३० दिवसांत ती मिळायला हवी. आपल्या ऑफिसने याद्या तयार केल्या आहेत, तुम्ही फक्त रुजू झाल्याची तारीख बरोबर आहे का ते बघा.

पीएफचे पैसे घाईने काढू नका. नवी नोकरी लागली की त्याच यूएएनवर खातं पुढे नेता येतं. ज्यांची पेन्शनसाठीची नोकरी दहा वर्षांची झाली आहे त्यांचा पेन्शनचा हक्क तयार झालेला आहे. आधारवरचं नाव आणि पीएफमधलं नाव एकसारखं आहे का ते आताच तपासा. आडनावाच्या एका अक्षरासाठी लोक महिनोन्‌महिने खेटे घालतात. पोर्टलवर काम सुटल्याची तारीखही चढलेली असायला हवी. ईएसआयसीचं कार्ड फेकू नका. ज्या सहामाहीत पगारातून हप्ता गेला, तिच्या जोडीची लाभाची सहामाही पुढे चालू राहते. ज्यांना ऑनलाइन जमत नाही त्यांनी रविवारी सकाळी माझ्या घरी या, आधार आणि बँक पासबुक घेऊन. मुलगी कॉम्प्युटरवर बसेल, चहा आमच्याकडे.

आखाजी तोंडावर आहे. आपल्याकडे सालदाराचं साल आखाजीला संपतं आणि त्याच दिवशी नवं साल ठरतं. जुन्या मालकाच्या घरी जेवून माणूस नव्या मालकाच्या बैलांना चारा घालायला जातो, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. वडिलांनी तरुणपणी तसं काम केलेलं आहे. परवा त्यांना सांगितलं तर एवढंच म्हणाले, "हुई जाई भाऊ." आणि पंप चालू करायला गेले.

शेठचे, ऑफिसच्या मंडळींचे, दाणा पुरवणाऱ्यांचे, रात्री-अपरात्री आलेल्या मेकॅनिकांचे आणि गेटवरच्या काकांचे आभार मानतो. १७ वर्षांत मला आणि माझ्या घराला या कामाने उभं केलं.

काम, माणसं किंवा मशीन, कशासाठीही बोलायचं असेल तर मेसेज करा, नाहीतर जुन्याच नंबरवर फोन करा. सकाळी अकराच्या आधी किंवा संध्याकाळी पाचनंतर केलेला बरा. दुपारी सध्या वडिलांसोबत केळीच्या बागेत असतो आणि तिथे रेंज येत नाही.