पाठ टाचण: पाण्याच्या अवस्था
इयत्ता सहावी, सामान्य विज्ञान. तासिका 35 मिनिटे, पट 32.

आधार: पाठाच्या पहिल्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो. त्यात दोरीवरचे ओले कपडे, बर्फाचा पेला आणि ‘पाणी कुठे गेले?’ हा प्रश्न. पानाची खालची कड कापली गेली आहे. तिथला स्वाध्याय पुस्तक पाहूनच द्यायचा.

साहित्य: स्टीलचे 4 पेले, थर्मासमध्ये बर्फ, हळद, पांढरा रुमाल.

5 मिनिटे: फळ्यावर ओल्या फडक्याने पट्टा ओढणे. तो वाळेपर्यंत कुणी उत्तर सांगायचे नाही, फक्त पाहायचे.

15 मिनिटे: आठ-आठ जणांचे गट. पेल्यात हळदीचे पाणी आणि बर्फ. बाहेरून थेंब जमले की रुमालाने टिपायचे. ‘पेला पाझरतो’ असे कुणीतरी म्हणणारच. मग रुमाल पिवळा का झाला नाही, हे त्यालाच विचारावे. इथे घाई नको. हवा कोरडी असेल तर थेंब उशिरा येतात, म्हणून बर्फ जास्त ठेवावा.

10 मिनिटे: बाष्पीभवन, संघनन, गोठणे, वितळणे, बाणांची आकृती वहीत.

5 मिनिटे: तोंडी प्रश्न. गृहपाठ: भाताच्या झाकणाखालचे थेंब पाहून दोन ओळी लिहा.