जे आहे ते सांगा: जनगणनेआधी पारावरची बैठक

राम राम मंडळी. माय-बहिणींनो, तुम्ही मागे ओट्यावर का बसलात? पुढे या, सतरंजी रिकामी आहे. आजचं बोलणं जास्त करून तुमच्याशीच आहे. दिवसा दार उघडायला घरात तुम्हीच असता, आप्पा-तात्या तर मळ्यात नाहीतर इथेच पारावर.

सोमवारपासून मी तुमच्या दारात येणार आहे. शाळेची बाई म्हणून नाही, प्रगणक म्हणून. गळ्यात ओळखपत्र असेल, हातात मोबाईल. यंदा कागदाचा फॉर्म नाही, सगळं मोबाईलमध्ये भरायचं आहे. खानेसुमारी म्हणा, शिरगणती म्हणा, जनगणना म्हणा, काम एकच. मागची २०११ साली झाली. पुढची २०२१ ला व्हायची होती, ती कोरोनात राहून गेली. म्हणजे त्या वेळी जे पोर पाळण्यात होतं ते आता दहावी-अकरावीला आहे आणि सरकारदरबारी आपलं गाव अजून तेवढंच आहे.

मोजणी दोन वेळा होणार. आता घरांची, आणि २०२७ च्या फेब्रुवारीत माणसांची. प्रत्येकाचं वय, शिक्षण, कामधंदा, जात, मातृभाषा हे सगळं तेव्हा. सगळ्यांची जात लिहून घेणारी जनगणना स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच होतेय, म्हणून त्याची चर्चा जास्त आहे. पण आत्ता मी एवढंच विचारणार की कुटुंबप्रमुख अनुसूचित जातीचे, अनुसूचित जमातीचे की इतर. भिलाटीतल्या भावांनो, तिथे संकोच करू नका, जमातीचं नाव स्पष्ट सांगा.

आता प्रश्न ३३ आहेत. ऐकून घाबरू नका, त्यातले कितीतरी मी नुसतं बघूनच भरणार. भिंत मातीची की विटांची, खाली शेणाने सारवलेलं की फरशी, वर धाबं की पत्रा की स्लॅब. फक्त एक करा, मला ओट्यावरून परत पाठवू नका. पुढून रंग दिलेलं घर मागून पांढऱ्या मातीचं असतं, हे मला तुमच्याच गावात राहून कळलंय.

सगळ्यात घोळ होतो तो कुटुंब म्हणजे काय यावर. जनगणनेच्या हिशेबात एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. रेशनकार्ड किती, सातबारा कोणाच्या नावावर, याच्याशी संबंध नाही. इथे माझी स्वतःची चूक सांगते. २०११ च्या जनगणनेत घरं मोजताना मी दुसऱ्या गावात होते, नोकरी नवीन. एका वाड्यात गेले तर खाटेवर बसलेले जिभाऊ म्हणाले, "आमचं सगळं एकत्र आहे, अकरा माणसं, लिहा." मी लिहिलं. निघताना पाणी प्यायला आत गेले तर दोन चुली. दोन्हींवर तवा. एकीवर थोरली भाकरी टाकत होती, दुसरीवर धाकटी, आणि मधे साडीचा पडदा. थोरली माझ्याकडे बघून नुसती हसली. वाटे झाले होते, पण म्हाताऱ्याच्या तोंडून ते गावासमोर निघत नव्हतं. मला कळलं होतं, तरी मी परत जाऊन दुरुस्ती केली नाही, वाटलं म्हाताऱ्याचा मान राहू द्यावा. झालं काय, तर कागदावर एक कुटुंब, एक नळ, एक संडास, सगळं छान. खरं तर नळ थोरल्याकडे होता आणि धाकटी हातपंपावरून हंडे आणत होती. तिचा हंडा कुठेच मोजला गेला नाही. म्हणून यंदा मी आधी विचारणार, चुली किती? कोणाची अब्रू जात नाही यात.

माणसं किती, हाही सोपा वाटणारा प्रश्न. आपल्या गावातली निम्मी पोरं सुरतेला. आबा म्हणतात, माझा मुलगा याच घरचा, त्याला लिहा. आबा, तो तुमचाच आहे, कोणी नेत नाही. पण तो बायको-पोरांसह तिकडेच खोली घेऊन राहतो, सणाला तेवढा येतो, तर त्याची मोजणी तिकडे. इथे जे नेहमी राहतात तेच सांगा. आणि उलटही, पंधरा दिवसांसाठी भावाकडे गेलेली सून इथलीच. तान्हं बाळ विसरू नका. "ते तर लहान आहे, काय लिहायचं" असं मागच्या वेळी मी किती घरांत ऐकलं, आणि त्यातही मुलगी असली की जास्त. जळगाव जिल्ह्यात २०११ ला सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली ८४२ निघाल्या होत्या. तो आकडा आधीच नीट बघवत नाही, निदान ज्या जन्मल्या त्या तरी मोजूया.

कुटुंबप्रमुख कोण हे तुम्ही ठरवायचं. बाई असली तरी चालते. आणि ज्या मावश्यांना मालकांचं नाव घ्यायचं नाही त्यांनी उखाण्याची तयारी करू नये. जनगणनेचा कायदा १९४८ चा आहे, आणि बाईवर नवऱ्याचं नाव सांगायची सक्ती नाही हे त्यात लिहूनच ठेवलंय. नातवाला हाक मारा, तो सांगेल.

खोल्या मोजताना स्वयंपाकघर, न्हाणी, ओटा धरायचा नाही. पण एकाच खणात झोपणं, रांधणं, सगळं असेल तर ती एक खोली.

पाण्याचं विचारलं की लगेच "नळ आहे" म्हणू नका. तोटी बसवली आहे हे मलाही दिसतं. प्यायचं पाणी मुख्यतः कुठून येतं हे विचारलंय. वर्षातले जास्त दिवस बोअरवरून आणता, टँकरवरून भरता, विकतचा जार घेता, तर तेच सांगा. तसंच गॅसचं. कनेक्शन आहे का हा एक प्रश्न, आणि मुख्यतः कशावर शिजतं हा वेगळा प्रश्न. सिलिंडर कोपऱ्यात ओढणी घालून उभा आणि रोजचा स्वयंपाक पऱ्हाट्यांवर, हे मी ओळखते. पाहुण्यांच्या चहापुरता गॅस म्हणजे मुख्य इंधन गॅस नाही. संडासात गोवऱ्या भरून ठेवल्या असतील तर तेही लपवू नका. मी रागवायला येत नाही, ते काम शाळेत करते.

मग रेडिओ, टीव्ही, इंटरनेट, कॉम्प्युटर, मोबाईल, सायकल, मोटारसायकल, चारचाकी. आणि एक प्रश्न असा आहे की तो विचारताना मला मजा येणार आहे: घरात मुख्य धान्य कोणतं खातात? आपल्याकडे उत्तर येईल ज्वारी, बाजरी, कोणी म्हणेल कळण्याची भाकरी. कळण्यात ज्वारीच जास्त, ज्वारी लिहू. पण रेशनचा गहू-तांदूळच रोज शिजत असेल तर भाकरीची शान राखायला ज्वारी सांगू नका.

(तिकडून कोण बोललं? "बाई, गाडी शे सांगं ते रेशन बंद हुई जाई का?")

बरं झालं विचारलं, मनात सगळ्यांच्या हेच आहे. कोणाला रेशनची भीती, कोणाला लाडक्या बहिणीच्या हप्त्याची, कोणाला घरपट्टी वाढायची. ऐका. त्याच कायद्यात कलम १५ आहे. एका घराची माहिती कोणाला बघायला मिळत नाही आणि कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. तलाठी नाही, ग्रामसेवक नाही, पोलीस नाही. मी बाहेर फोडली तर गुन्हा माझ्यावर. उत्तर द्यायचं बंधन तुमच्यावर आहे, गुप्त ठेवायचं माझ्यावर. बाहेर जाते ती फक्त बेरीज: गावात घरं इतकी, त्यातली मातीची इतकी.

आणि रेशनचंच काढलंत तर त्याच बेरजेची गोष्ट सांगते. नवी सून आली, नातू झाला, नाव चढवायला तहसीलला गेलात, तर काय ऐकायला मिळतं? इष्टांक संपला. हा इष्टांक आला कुठून? अन्न सुरक्षेचा कायदा २०१३ चा, आणि महाराष्ट्राचा सुमारे सात कोटींचा कोटा २०११ च्या मोजणीवर बसवलेला. माणसं वाढली, कोटा तिथेच. दवाखान्याचंही तसंच. उपकेंद्राचा हिशेब सपाटीला ५००० लोकसंख्येमागे एक, आदिवासी भागात ३००० मागे एक. गावातले चारशे लोक लपले तर परिचारिका बाई पलीकडच्या गावात बसणार.

काही जण उलट खोटं बोलतात, तेही सांगते. घरात टीव्ही असून नाही म्हणायचं, पत्र्याला झोपडी म्हणायचं, म्हणजे घरकुल मिळेल. मिळणार नाही. घरकुलाची यादी वेगळी, तिच्याशी माझ्या मोबाईलचा संबंध नाही. आणि सोयरीक जमायची आहे म्हणून मोठेपणा सांगणारेही आहेत. त्यांनाही सांगते, मुलीकडचे माझा मोबाईल बघायला येणार नाहीत.

जमीन किती, सोनं किती, सोसायटीचं कर्ज किती, यातलं काहीच मी विचारणार नाही. आधार, बँकेचं पासबुक काढून ठेवू नका. मोबाईल नंबर तेवढा विचारेन, तो जनगणनेच्याच कामासाठी. कोणी ओटीपी मागितला, पैसे मागितले, तर तो माझ्यातला नाही, सरळ सरपंचांना बोलवा. ज्यांच्या पोरांनी ऑनलाइन आधीच माहिती भरली आहे त्यांनी मिळालेला नंबर दाखवायचा, काम पाच मिनिटांत.

मातृभाषेचा प्रश्न फेब्रुवारीत आहे, पण विचार आतापासून करा. बाहेरच्या कोणी विचारलं की आपण चटकन मराठी म्हणतो. आई लहानपणी आपल्याशी कशात बोलली, ते सांगायचं. २०११ ला खान्देशी सांगणारे देशभरात साडेअठरा लाखांच्या आसपास निघाले. धुळे जिल्हाच तेव्हा वीस लाखांवर होता. घरात अहिराणी, आणि माझ्यासमोर मराठी, असं किती जणांनी केलं असेल ते तुम्हीच बघा.

ऊन बघता मी सकाळी सात ते दहा येईन, मग संध्याकाळी पाचनंतर. सोमवारी मारुतीपासून वरची आळी, मंगळवारी भिलाटी आणि प्लॉट, बुधवारी मळ्यातली घरं. मळ्यात राहणाऱ्यांनी आजच नाव सांगून जा, तुमची वाट मला माहीत नाही आणि यादीतून सुटणारे नेहमी तुम्हीच असता. दारावर नंबर टाकला तर दिवाळीच्या सारवणापर्यंत पुसू नका.

आणि नाना, तुमचा तो काळा कुत्रा सोमवारी सकाळी बांधून ठेवा.