विषय : कंपनीच्या वेबसाइटवरून माझे नाव, छायाचित्र आणि मोबाइल क्रमांक काढून टाकण्याबाबत

दिनांक : 12 जानेवारी 2026
जळगाव

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
केळी पॅकहाउस व निर्यात विभाग,
सावदा-रावेर रस्ता, ता. रावेर, जि. जळगाव

आदरणीय शेठजी,
सप्रेम नमस्कार.

मी आपल्याकडे शेतकरी संपर्क व गुणवत्ता विभागात काम करत होतो. 31 जुलै 2025 रोजी कार्यमुक्त झालो. कार्यमुक्ती पत्र मिळाले आहे आणि हिशोब पूर्ण झाला आहे, त्याबद्दल माझी कसलीही तक्रार नाही. मात्र आपल्या वेबसाइटवर ‘आमचे तज्ज्ञ’ या पानावर माझे नाव, फोटो आणि खासगी मोबाइल क्रमांक अजून तसेच आहेत. ते काढावेत, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

याची घाई का, ते सांगतो. केळी उत्पादक वेबसाइटवरचा चेहरा पाहून फोन करतो. हरण्याची झाडं उपटू की ठेवू, थंडीत बागेला चरका बसला तर काय करू, कापणीला गाडी कधी येईल, बऱ्हाणपूरच्या भावावर किती धरणार, हे सगळं तो मलाच विचारतो. गाडी आणि भाव आता माझ्या हातात नाहीत. तरी ऐन कापणीत मी ‘माझ्याकडे नाही’ म्हटले, तर कंपनी शब्द फिरवते असा त्याचा समज होतो. उलट मी काही सांगितले, तर ते कंपनीच्या नावावर जाते. दोन्ही बाजूंनी नुकसान शेतकऱ्याचे आणि आपले आहे. माझी अडचण वेगळी आहे. सध्याच्या नेमणुकीच्या अटीनुसार दुसऱ्या कंपनीचा प्रतिनिधी म्हणून माझे नाव कुठेही दिसता कामा नये.

‘करपा व्यवस्थापन’ हा 2021 सालचा लेखही माझ्या नावाने आहे. त्यात प्रोपिकोनॅझोल 1 मिली प्रति लिटर पाणी हे प्रमाण दिले आहे. शेतकरी लेख पाहून औषध घेतो, आणि औषधाच्या सल्ल्याची जबाबदारी सांगणाऱ्या माणसावर असते. लेख ठेवायचा असेल तर जरूर ठेवा, मजकुरावर मी हक्क सांगत नाही. फक्त आपल्या सध्याच्या कृषी तज्ज्ञांकडून औषधांचे लेबल आणि निर्यातीसाठीच्या अवशेष मर्यादा पुन्हा तपासून घ्याव्यात आणि लेखक म्हणून ‘तांत्रिक विभाग’ लिहावे.

वेबसाइट सांभाळणाऱ्या एजन्सीला नेमके काय करायचे ते कळावे म्हणून मला दिसलेली ठिकाणे देतो.

```
/amche-tadnya/
/author/rbpatil/
/wp-content/uploads/2021/06/rb-patil.jpg
/wp-content/uploads/2022/03/mahitipatrak.pdf
```

पहिल्या पानावरून माझा चौकोन नुसता लपवू नये. लपवलेला मजकूर पानाच्या कोडमध्ये राहतो आणि शोधयंत्राला वाचता येतो. तो पूर्ण काढावा, आणि पानाच्या इंग्रजी आवृत्तीतूनही काढावा. नाव देवनागरी आणि रोमन, दोन्ही लिपींत शोधावे. फोटोच्या पर्यायी मजकुरातही ते आहे.

फोटोच्या बाबतीत एक गोष्ट बहुतेक ठिकाणी राहून जाते. पानावरून फोटो काढला तरी मूळ फाइल सर्व्हरवर तशीच असते आणि थेट पत्त्याने उघडते. त्यामुळे तो Media Library मधून ‘Delete permanently’ करावा. त्यासोबत वर्डप्रेसने आपोआप बनवलेले त्याचे लहान आकारही जातात. कुणी एफटीपीने वेगळी प्रत चढवली असेल तर ती मात्र हाताने शोधून काढावी लागेल.

माझे वापरकर्ता खाते बंद करताना काळजी घ्यावी. आधी ‘तांत्रिक विभाग’ नावाचे खाते तयार करावे, मग माझे खाते काढताना येणाऱ्या प्रश्नात ‘Attribute all content to’ हा पर्याय निवडून ते खाते द्यावे. तिथे ‘Delete all content’ निवडले गेले, तर माझ्या खात्यावरचे आपले सगळे जुने लेख जातील. त्या खात्याने कुणी लॉगिन करू नये म्हणूनही ते बंद होणे बरे.

माहितीपत्रकाच्या पीडीएफमध्ये पान 3 वर माझा फोटो आणि क्रमांक आहे. नवी प्रत चढवली की तिला वेगळे नाव पडते आणि जुनी तिथेच राहते, म्हणून जुनी फाइल आठवणीने पुसावी. छापील माहितीपत्रके संपेपर्यंत वाटली तरी चालतील, पण माझ्या क्रमांकावर कार्यालयाच्या क्रमांकाची चिठ्ठी चिकटवावी.

हे झाल्यावर वेबसाइटची आणि सीडीएनची कॅशे रिकामी करावी, नाहीतर जुने पान काही काळ दिसत राहते. नंतर गूगल सर्च कन्सोलमधील ‘Removals’ मधून वरचे पत्ते द्यावेत. तो उपाय साधारण सहा महिन्यांपुरता असतो, म्हणून पान आणि फाइल खरोखर गेलेली असणे आवश्यक आहे. robots.txt मध्ये हे पत्ते अडवू नयेत. अडवले तर गूगलला पान गेल्याचे कळतच नाही. शेवटी नवा बॅकअप घ्यावा, कारण पुढे कधी जुना बॅकअप परत चढवला तर माझा फोटोही परत येईल.

फेसबुक पानावर आणि गूगल नकाशावरील कंपनीच्या नोंदीत माझा एकट्याचा फोटो असल्यास तोही काढावा. शेतकरी मेळाव्याच्या गटफोटोंना माझी हरकत नाही. त्यांच्याखालचे नाव तेवढे काढले तरी पुरे. भविष्य निर्वाह निधी, पगार आणि करविषयक नोंदी आपल्याला कायद्याने ठेवाव्या लागतात, त्या पुसण्याची माझी मागणी नाही.

रुजू होताना फोटो प्रसिद्ध करण्यास मी तोंडी होकार दिला होता. ती संमती मी या पत्राद्वारे मागे घेतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 यातील कलम 6 मध्ये संमती मागे घेण्याचा आणि कलम 12 मध्ये माहिती दुरुस्त करून घेण्याचा व पुसून घेण्याचा अधिकार दिलेला आहे. कायद्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. तरीही आपले वर्षानुवर्षांचे संबंध पाहता, या कामासाठी कलमांची गरज पडणार नाही याची मला खात्री आहे.

मोबाइल क्रमांक दोन दिवसांत काढावा, कारण तो काढायला काही मिनिटे पुरतात आणि शेतकऱ्यांचे फोन त्यावरच येतात. बाकीचे काम 27 जानेवारी 2026 पर्यंत पूर्ण करून कार्यालयाच्या ईमेलवरून मला कळवावे. माझा ईमेल मनुष्यबळ विभागाच्या नोंदीत आहे. तोपर्यंत येणाऱ्या फोनवर मी शेतकऱ्यांना पॅकहाउसचा क्रमांक देत राहीन. एजन्सीला काही विचारायचे असेल, तर संध्याकाळी सहानंतर मी फोनवर बोलू शकेन.

आपला विश्वासू,

(स्वाक्षरी)
र. भ. पाटील
माजी शेतकरी संपर्क अधिकारी

सोबत : कार्यमुक्ती पत्राची छायाप्रत, वरील चार पानांचे 11 जानेवारी 2026 रोजी घेतलेले स्क्रीनशॉट
प्रत : मनुष्यबळ विभाग