तापाची नोंद : मुलगा, वय 9, वजन 24 किलो, मानेवाडा, नागपूर

थर्मामीटर डिजिटल, दर वेळी उजवी काख, घाम पुसून, बीप वाजेपर्यंत. आकडे फॅरनहाइटमध्ये, दिसले तसेच. काखेचे म्हणून वर काही मिळवलेलं नाही. कपाळाला हात लावून कळलेला ताप लिहिलेला नाही.

औषध : पॅरासिटामॉल सिरप, 5 मिलीत 250 मिग्रॅ. एक डोस 7 मिली, सिरिंजने मोजून. अँटिबायोटिक नाही, आयबुप्रोफेन नाही.

प्रवास : पोळ्याला 21 ते 24 ऑगस्ट 2025, धानोरा तालुका, जि. गडचिरोली. अंगणात झोपला, मच्छरदाणी नव्हती.

शनि. 6 सप्टें.
रात्री 9.00 – 100.8. अंगदुखी. औषध नाही. (आजीच्या मते विसर्जनाच्या गर्दीतच कणकण होती, मोजली नाही, धरलेली नाही.)

रवि. 7
स. 7.00 – 101.2, डोकं दुखतं. 7.10 सिरप. 8.30 – 99.4
दु. 3.00 – 102.0. 3.05 सिरप
रा. 10.00 – 100.4, औषध नाही. थंडी वाजली नाही.

सोम. 8
स. 6.30 – 98.6. सकाळी रक्त दिलं : प्लेटलेट 1,32,000, डेंग्यू एनएस1 निगेटिव्ह. मलेरियाची स्लाइड काढली नाही.
दु. 1.40 – हुडहुडी. दोन गोधड्या घेऊनही दात वाजत होते, नखं निळसर. तेव्हा 101.6
2.20 – थंडी थांबली, अंग कोरडं, तापलेलं. 103.8
2.25 सिरप, 2.35 ला उलटीत पडलं. डॉक्टरांना फोन करून 2.50 ला पुन्हा 7 मिली.
4.00 – 102.2
6.00 – दरदरून घाम, बनियान दोनदा बदलली. 98.8. जेवला, झोपला.

मंगळ. 9
स. 8.00 – 97.8. दु. 2.00 – 98.2. रा. 9.00 – 98.0
दिवसभर एकही डोस नाही. खेळला, फक्त दमतो. हा दिवस औषधामुळे बिनतापाचा गेलेला नाही, म्हणून मुद्दाम लिहिला.

बुध. 10
स. 7.00 – 98.2
दु. 1.15 – पुन्हा हुडहुडी, 35 मिनिटं. 101.4
1.55 – 104.6. खोडलं : गोधडीतून काढताक्षणी घेतलं होतं. 2.05 ला पंख्याखाली – 104.0. 2.10 सिरप
3.30 – 102.8, डोकं ठणकतं, एक उलटी (औषधानंतर सव्वा तासाने, डोस पुन्हा दिला नाही)
5.45 – घाम. 98.6

पुरळ, नाकातून रक्त, पोटदुखी : एकदाही नाही. लघवी रोज 4–5 वेळा, बुधवारी दुपारनंतर गडद. डोळे पिवळे नाहीत.

गुरु. 11, सकाळच्या ओपीडीसाठी
सोमवार 1.40 ते बुधवार 1.15 : दोन हुडहुड्यांत 47 तास 35 मिनिटं. मधला दिवस औषधाशिवाय साफ. शनिवार-रविवारचा ताप या वेळापत्रकात बसत नाही.
विचारायचं : मलेरियाची स्लाइड आणि रॅपिड टेस्ट आजच काढायची ना? प्लेटलेट पुन्हा तपासायच्या का?
शुक्रवारी 12 ला दुपारी 12 पासून मूल घरीच, थर्मामीटर उशाशी. शाळेला चिठ्ठी दिली आहे.