ईश्वरीच्या वजनाबद्दल

कराड, १६ जुलै

प्रिय स्वाती आणि अमोल,

मंगळवारी ईश्वरीला काट्यावर ठेवलं आणि आकडा पाहून स्वाती, तुमचा चेहरा उतरला. निघताना दारातून तुम्ही हळूच विचारलंत, "माझंच दूध कमी पडलं का?" बाहेर रांग होती, नीट बोलता आलं नाही. ते मनाला लागून राहिलं.

नाही, तसं झालेलं नाही. जन्मतः २.८ किलोची ईश्वरी पाचव्या महिन्यात ६.२ किलोची झाली, म्हणजे दुपटीहून जास्त, आणि ती नुसत्या तुमच्या दुधावर. सहा महिन्यांनंतर मात्र कोणत्याच बाळाला फक्त आईचं दूध पुरत नाही. त्याची भूक पुढे गेलेली असते.

सहाव्या महिन्यात ६.४ आणि आता ६.४५. कार्डावर ती अजून हिरव्या पट्ट्यात आहे, पण रेषा आडवी झाली आहे, म्हणून आत्ताच लक्ष घालायचं. जूनमध्ये दहा दिवस सर्दी-ताप होता, त्यातच तुमची नोकरी सुरू झाली आणि वरचं खाणंही नवीन. हे सगळं एकाच महिन्यात आलं.

आजी तिला वरणाचं पाणी आणि पेज देतात. आमच्याही घरी हेच दिलं जायचं. फक्त एवढंसं पोट पाण्यानेच भरतं. तेच वरण आता घट्ट घ्या, मऊ भात बोटांनी कुस्करून त्यात मिसळा, वर अर्धा चमचा तूप. चमचा तिरका केला तरी ओघळू नये, इतपत दाट. दिवसातून तीनदा, हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत. तुम्ही अंडं खात असाल तर नीट उकडलेलं बलक कुस्करून द्या. तिने तोंड फिरवलं तर थांबा, जबरदस्ती नको. अंगावरचं दूध मागेल तेव्हा चालूच ठेवा, रात्रीचंही. हे पत्र आजींनाही वाचून दाखवा, दुपारचा घास त्यांच्याच हातचा असतो.

लघवीची आणि हिमोग्लोबिनची तपासणी लिहून दिली आहे, ती संसर्ग किंवा रक्ताची कमतरता राहून जाऊ नये म्हणून. तपासताना ती हसत माझा स्टेथोस्कोप ओढत होती, ते मला आकड्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

घरी रोज वजन करू नका. मंगळवारी २८ तारखेला याच काट्यावर, कपडे काढून करू. त्याआधी ती मलूल वाटली, दूध घेईना, लघवी कमी झाली, ताप किंवा सारख्या उलट्या झाल्या, तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी आणा.

अमोल, २८ला शक्यतो तुम्हीही या. आणि स्वाती, डबा घरीच राहतो म्हणालात, तो रोज सोबत न्या.

तुमची,
डॉ. मेधा