फोन वाजला की घाई करू नका

काका, मावशी, आज एवढंच शिकायचं: आलेला फोन उचलायचा, बोलायचं आणि ठेवायचा. बाकीचं पुढच्या मंगळवारी पारावर बसून पाहू.

फोन साधारण अर्धा मिनिट वाजतो. तेवढ्यात हाताचं पीठ पुसून, चष्मा लावून होतो. वाजणं थांबलं तरी काही बिघडत नाही, लातूरची लेक परत लावते.

काचेवर फोन करणाऱ्याचं नाव दिसेल, खाली हिरवा गोल असेल. त्या गोलावर बोट टेकवा आणि न उचलता तीन बोटांच्या रुंदीइतकं वर सरकवा. कपाळाला उभं गंध लावताना बोट जसं वर ओढतो, अगदी तसं. काही फोनमध्ये वर नाही, बाजूला सरकवायचं असतं. बाण ज्या दिशेला दिसेल तिकडं न्या. फोन हातात घेऊन काही पाहत असताना कॉल आला, तर वरच्या बाजूला छोटी पट्टी येते. तिथं मात्र सरकवायचं नाही, हिरव्यावर एकदा टेकवलं की झालं.

जुन्या फोनचं बटण दाबायची सवय असते, म्हणून बहुतेक जण इथंही जोर लावतात. या काचेला जोर कळत नाही, बोटाचा स्पर्श कळतो. नखानं चालत नाही, बोटाचं मऊ पोट लागतं. कापूस वेचून, हरभरा उपटून बोटं कोरडी, राठ झाली असतील तर काच दाद देत नाही. दोष तुमचा नाही. बोटावर तोंडाची वाफ सोडा आणि पुन्हा सरकवा. बोट ओलं गच्च असेल तर मात्र आधी पदराला पुसा.

कानाला लावला की काच काळी होते. फोन बंद पडला असं समजू नका. गालाचा धक्का लागून भलतंच काही दाबलं जाऊ नये म्हणून तो स्वतःच अंधार करतो. कानापासून दूर धरला की पुन्हा उजेड येतो. येतच नसेल तर काचेचा वरचा भाग मऊ फडक्यानं पुसा, तिथं धूळ बसलेली असते.

आवाज बारीक येतोय? बोलणं चालू असतानाच कडेचं लांबट बटण वरच्या टोकाला दाबा. घंटीचा आवाज आणि बोलण्याचा आवाज वेगवेगळा असतो. एक वाढवला म्हणून दुसरा वाढत नाही.

समोरचा माणूस बँकेचं नाव सांगून फोनवर आलेले आकडे, म्हणजे ओटीपी, मागायला लागला तर एक आकडाही सांगू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० या नंबरवर कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त.

बोलणं झालं की लाल गोलावर एकदा बोट टेकवा. तसाच खाटेवर ठेवलात तर घरातलं बोलणं पलीकडे ऐकू जात राहील.